प्रसूती रजेस जोडून अर्जित रजा मिळणेबाबत

सरकारी कार्यालयात येणारे रजेचे अर्ज बहुतेक भूतकाळाविषयी असतात. माणूस आधी आजारी पडतो, बरा होतो, वाटेत कुणाच्या तरी लग्नाचं जेवण उरकतो आणि मग कामावर येऊन गेल्या सोमवारची तारीख टाकून अर्ज लिहितो. रजेचं कारण घडून गेलेलं असतं, त्यामुळे तारखा बिनचूक असतात. आस्थापना शाखेला असे अर्ज आवडतात. त्यात शंका घ्यायला जागा नसते आणि घेतली तरी उपयोग नसतो.

प्रसूती रजेचा अर्ज मात्र भविष्याविषयी असतो, तोही आठ-आठ महिन्यांच्या. रजा कधी सुरू होणार, बाळ कधी येणार आणि बाई कधी परत येणार, या तीन गोष्टी त्यात आगाऊ लिहून द्यायच्या असतात. त्यातली मधली तारीख ज्याच्या हातात असते, त्याची अर्जावर सही नसते.

आमच्या लेखा शाखेतल्या मॅडमनी असा अर्ज दिला तो 2025 च्या जुलैत. पहिलं बाळंतपण. बाई हिशोबाच्या टेबलावरच्या, म्हणजे दोन बाजू जुळल्याशिवाय जेवायला न उठणाऱ्या. पण इथे पहिल्याच आकड्याला जुळवाजुळव अडली. डॉक्टरांच्या हिशोबाची पद्धत साधी असते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने मिळवायचे आणि वर सात दिवस. मॅडमची ती तारीख 10 डिसेंबर, म्हणून कार्डावर आलं 17 सप्टेंबर. पण हीच पद्धत मुळात 280 दिवसांची, आणि मॅडमनी कॅलेंडर घेऊन 280 दिवस मोजले तेव्हा आला 16 सप्टेंबर. मधले नऊ महिने 273 ऐवजी 274 दिवसांचे निघाल्यामुळे एका दिवसाची तफावत. लेखा शाखेत एका दिवसाची तफावत म्हणजे चौकशी.

त्यात सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीने 21 सप्टेंबर सांगितला होता. डॉक्टर म्हणाल्या, चार दिवसांच्या फरकाने आम्ही तारीख बदलत नाही, आठवड्याच्या वर फरक गेला तर बदलतो. घरी सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी नऊ महिने नऊ दिवसांच्या परंपरागत सूत्राने 19 सप्टेंबर काढला आणि लगेच स्वतःच नापास केला, कारण त्या दिवशी पितृपक्ष चालू होता. त्यांच्या मते बाळाने 22 तारखेला घटस्थापना होईपर्यंत थांबायला हरकत नव्हती. अशा रीतीने एकाच बाळाच्या चार अपेक्षित तारखा झाल्या आणि पाचवी सुचवण्यात आली.

अर्जावर कोणती लिहायची? उत्तर सोपं आहे : सोबत जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर जी आहे ती. कार्यालयाला बाळाशी कर्तव्य नसतं, सोबतच्या कागदाशी असतं. प्रमाणपत्रावर 17 आणि अर्जात 16 असेल तर फाइल परत येते, मग बाळ कुठल्याही दिवशी होवो. नेमक्या अपेक्षित तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. सरकारी कामाचा तेवढा वक्तशीर निकाल लागला तर आम्ही पेढे वाटू.

मॅडमनी 17 लिहिलं आणि अर्ज माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं : मला हयात अपत्य नाही. दि. 8 सप्टेंबर 2025 पासून 180 दिवसांची प्रसूती रजा मिळावी. तिला जोडून 55 दिवसांची अर्जित रजा मिळावी. आणि मी दि. 4 मे 2026 रोजी मध्यान्हपूर्व हजर होईन. चारच वाक्यं. पण त्या चार वाक्यांवर आमच्या कार्यालयात जेवढी चर्चा झाली, तेवढी अर्थसंकल्पावरही होत नाही.

पहिली चर्चा 8 सप्टेंबरवर. मोठे भाऊसाहेब म्हणाले, ‘‘बाळ सतराला आणि ह्या आठपर्यंत टेबलावर? आत्तापासून घ्या म्हणावं रजा. सहा महिने आहेत की.’’ भाऊसाहेबांच्या बोलण्यात काळजी होती, पण हिशोब नव्हता. राज्य सरकारी सेवेतली प्रसूती रजा 180 दिवसांची, आणि हे 180 दिवस रजा सुरू होते त्या तारखेपासून मोजले जातात, बाळ जन्मतं त्या तारखेपासून नाही. त्यात रविवारही मोजला जातो आणि दिवाळीही. बाळाच्या आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळाच्या नंतरच्या दिवसांतून वजा होतो. ऑगस्टमध्ये महिनाभर पाय वर करून बसलं, तर फेब्रुवारीत बाळ एक महिना आधी घरी ठेवून यावं लागतं. म्हणून ज्यांना हा हिशोब कळतो त्या बायका शेवटच्या आठवड्यापर्यंत जिन्याचा कठडा धरून येतात. त्या शूर आहेत म्हणून नव्हे, तर बेरीज-वजाबाकी येते म्हणून.

खासगी आस्थापनांच्या कायद्यात 26 आठवडे आहेत आणि अपेक्षित तारखेच्या आधी त्यातले जास्तीत जास्त आठ घेता येतात. तिथे आधीचे आणि नंतरचे यांच्यात निदान एक रेघ आखलेली आहे. आमच्याकडे वाटणी ज्याची त्याने करायची, आणि अशी वाटणी आईवर सोपवली की ती स्वतःच्या वाट्याला काय ठेवते, हे कुठल्याही घरातल्या शेवटच्या पोळीला विचारावं.

मुंबई प्रांतात कारखान्यातल्या स्त्रियांसाठी असा कायदा 1929 साली झाला, देशात पहिल्यांदाच. त्याच्या विधेयकावर 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. आईला बाळंतपणाआधी आणि नंतरही काही काळ विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळीही प्रश्न खर्च कोणी उचलायचा हाच होता. आता खर्च सरकार उचलतं, रजेच्या काळात पूर्ण पगार मिळतो आणि ही रजा कुणाच्या रजेच्या खात्यातून वजाही होत नाही. फक्त ‘आधी’ची विश्रांती कागदावरून गुपचूप ‘नंतर’मध्ये जमा झाली आहे.

भाऊसाहेबांच्या काळजीचं खरं कारण वेगळं होतं. त्यांना भीती होती की बाळ कार्यालयातच होईल. ऑगस्ट अखेरीस त्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं, की लेखा शाखेतून हाक आली तर दौरा असला तरी गाडी हलवायची नाही. त्या काळात मॅडमना साधी शिंक आली तरी तीन शाखांचं काम थांबायचं. खुद्द मॅडम मात्र उपयोगिता प्रमाणपत्रांचा गठ्ठा निपटत बसलेल्या.

आणि 8 तारीखच का? 8 सप्टेंबर हा सोमवार. आमचा आठवडा 2020 पासून पाच दिवसांचा आहे. अर्जात शनिवार 6 तारीख लिहिली असती, तर शनिवार-रविवार हे हक्काचे सुट्टीचे दिवस 180 मध्ये मोजले गेले असते. सोमवार लिहिल्यामुळे ते रजेच्या मागे फुकट जोडले गेले आणि 6 तारखेची अनंत चतुर्दशीही घरी पार पडली. रजा सोमवारी सुरू करावी आणि शुक्रवारी संपवावी, हे आमच्या खात्यात नवीन माणसाला टंकलेखनाच्या आधी शिकवतात.

आता शेवट मोजू. 8 सप्टेंबरपासून 180 वा दिवस येतो 6 मार्च 2026, आणि तोही शुक्रवार. इतका देखणा योग पाहून मी खूश झालो. मॅडम मात्र नव्हत्या. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाळ 17 सप्टेंबरला झालं तर त्याचे सहा महिने भरणार 17 मार्चला, आणि रजा संपणार 6 ला. सहा महिन्यांची रजा, सहा महिन्यांचं बाळ, आणि तरी अकरा दिवसांची तूट, कारण सुरुवातीचे नऊ दिवस बाळाच्या आधीच खर्ची पडले आणि 180 दिवस सहा महिन्यांना थोडे तोकडेच पडतात. बाळाला उशीर झाला तर तूट आणखी वाढणार. अर्जित रजा जोडायची ती यासाठी. बाकी आमच्या कार्यालयाची समजूत होती की बाईंना उन्हाळ्यात घरी पापड करायचे आहेत.

अर्जित रजा हा आमच्याकडे हळवा विषय आहे. वर्षाला 30 दिवस मिळते. 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 आपोआप खात्यावर चढतात. ती 300 पर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतात. त्यामुळे जुनी माणसं ती घेण्यासाठी नसून साठवण्यासाठी असते असं मानतात. आमच्या भाऊसाहेबांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही नैमित्तिक रजा टाकली होती. मॅडमच्या खात्यावर जुलैअखेर 112 दिवस होते. त्यातले 55 एकदम जाणार हे वाचून भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला, की शेजारच्या शाखेतून कुणीतरी पाणी आणलं. ‘‘एवढी मोडायची?’’ ते म्हणाले. ‘‘निवृत्तीला काय राहील?’’ मॅडमच्या निवृत्तीला 31 वर्षं होती.

मी त्यांना धीर दिला. प्रसूती रजेवर असतानाही 1 जानेवारीला मॅडमच्या खात्यावर 15 दिवस जमा होणार होते, म्हणजे 112 चे 127 होऊन 55 गेले तरी 72 शिल्लक. भाऊसाहेबांना हे अन्यायाचं वाटलं. ‘‘घरी झोपून रजा कमवायची?’’ त्यावर आमच्याकडच्या निवृत्तीला आलेल्या एक बाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, तीन महिन्यांचं मूल घरात असताना कोण झोपतं ते मला एकदा दाखवा.’’ काकूंची दोन्ही बाळंतपणं 2009 च्या आधीची. तेव्हा ही रजा 90 दिवसांची होती, आणि त्यांची मुलं, त्यांच्याच शब्दांत, ‘‘आवक-जावकच्या वेळात’’ मोठी झाली.

एक शंका खुद्द मॅडमनीच काढली. त्यांच्या वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांपैकी पाच शिल्लक होत्या, त्या 31 डिसेंबरला बुडणार. त्या का नाही जोडायच्या? नाही जोडता येत. नैमित्तिक रजा दुसऱ्या कुठल्याच प्रकारच्या रजेला चिकटत नाही, तिला फक्त सुट्ट्यांशी सलगी चालते. तेव्हा ज्यांना प्रसूती रजेवर जायचं आहे त्यांनी नैमित्तिक रजा आधीच्या महिन्यांत तपासणीच्या दिवशी, चक्कर आली त्या दिवशी वापरून टाकाव्यात. मॅडमनी त्या जपून ठेवल्या होत्या, कारण ‘‘पुढे लागतील’’. पुढे म्हणजे जिथे त्या चालतच नाहीत तिथे.

आता गंमत 7 आणि 8 मार्चची. 6 मार्चच्या शुक्रवारी प्रसूती रजा संपते. बाई सोमवारी हजर होणार असत्या तर शनिवार-रविवार सुट्टीतच गेले असते. पण लगेच अर्जित रजा जोडायची म्हटल्यावर मध्ये भोक ठेवता येत नाही. दोन रजांच्या मध्ये अडकलेली सुट्टी रजेतच धरली जाते, म्हणून अर्जित रजा 7 मार्चपासूनच लागली. त्यातला 8 मार्च हा जागतिक महिला दिन. म्हणजे त्या दिवशी आमचं कार्यालय रिकाम्या सभागृहावर महिला सबलीकरणाचा फलक लावून बंद असणार आणि बाळाला मांडीवर घेऊन घरी बसलेल्या बाईच्या खात्यातून एक दिवस कापला जाणार. नियमाप्रमाणे काहीच चूक नाही. फलकावरही चूक नव्हती.

ही दोन दिवसांची खोट मॅडमनी दुसऱ्या टोकाला भरून काढली. 7 मार्चपासून 55 दिवस म्हणजे 30 एप्रिल, गुरुवार. शुक्रवारी 1 मे, महाराष्ट्र दिन. मग शनिवार, मग रविवार. तीन दिवस रजेच्या पुढे जोडून घेण्याची परवानगी मागितली, की हजर व्हायचं सोमवारी 4 मे रोजी. अर्जात साठ दिवसांचा गोल आकडा टाकला असता, तर हे तिन्ही दिवस अर्जित रजेत मोजले गेले असते. भाऊसाहेबांनी हे गणित दोनदा तपासलं आणि पहिल्यांदाच मॅडमकडे आदराने पाहिलं.

4 मेचं खरं कारण मात्र गणिताच्या बाहेरचं होतं. मे महिन्यात शाळांना उन्हाळी सुट्टी लागते, म्हणजे सासूबाई घरी. जूनच्या मध्यापर्यंत बाळ आजीकडे. जूनचं जूनमध्ये बघू. परतीची तारीख जिथे लिहिलेली असते, तिथे कोपऱ्यात न दिसणाऱ्या शाईत कुणा आजीची सोय लिहिलेली असते, पण अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही. बदल्यांचा हंगामही एप्रिल-मेचाच, म्हणून भाऊसाहेबांनी प्रेमाने बजावलं, ‘‘चार तारखेला या म्हणजे याच. तुमची खुर्ची कुणाच्या नावे गेली ते समक्ष कळेल.’’

रकाना आहे तो ‘रजेच्या काळातील पत्ता’ याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आधी माहेरचा पत्ता, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला. मग मुख्यालय सोडण्याची परवानगी आली. सव्वा महिन्यानंतर सासर. मध्ये काही दिवस दवाखाना. मॅडमनी प्रामाणिकपणे तिन्ही पत्ते लिहिले. टिपणीत शेरा पडला : ‘अर्जदार नेमक्या कोठे उपलब्ध असतील याचा बोध होत नाही.’ शेवटी एकच पत्ता ठेवला. सरकारचा विचार बहुधा असा, की निकडीच्या वेळी अर्जदारास परत बोलावता यावं. प्रसूतीच्या चौथ्या दिवशी उपयोगिता प्रमाणपत्रासाठी बोलावणं पाठवण्याइतका धीट अधिकारी अजून आमच्या साहेबांत तयार झालेला नाही, पण पत्ता असलेला बरा.

सगळे कागद जोडून, प्रभार कुणाकडे यावर आठवडाभर भांडून, फाइल वर गेली. मॅडम 8 सप्टेंबरपासून घरी. 17 तारीख गेली. कार्यालयातून रोज एक फोन. 19 गेली. 21 गेली. भाऊसाहेबांना वाटू लागलं की अर्जातच काहीतरी खोट असावी. 22 ला घटस्थापना झाली. 24 सप्टेंबरला बुधवारी मुलगी झाली, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं राहिलं, आणि डॉक्टर, सोनोग्राफी, कॅलेंडर सगळे आपापल्या जागी बरोबर असूनही कुणाचंच जमलं नाही.

आस्थापना शाखेत थोडी धावपळ झाली. अपेक्षित तारखेला जन्म झाला नाही, तर रजेच्या तारखा बदलायच्या का? नाही. रजा सुरू झाली 8 सप्टेंबरला, ती संपणार 6 मार्चलाच. बदललं एवढंच, की बाळाचे सहा महिने भरायचा दिवस 17 मार्चवरून 24 मार्चवर सरकला आणि तूट अकराची अठरा दिवसांची झाली. 55 दिवस जोडलेले असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पंधराच दिवस जोडणाऱ्या बाईच्या मात्र नक्की लक्षात आलं असतं. अर्जित रजा अपेक्षित तारखेवरून मोजावी आणि वर दोन आठवडे उशिराचे धरावेत, असा सल्ला मी तेव्हापासून फुकट देतो.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. मुलीची ती बाराव्या दिवशीच्या बारशाच्या आधीच झाली, प्रमाणपत्रही हातात आलं. रजा मंजुरीचा आदेश बारशानंतर दीड आठवड्याने निघाला. त्यात ‘रजा नियमानुसार अनुज्ञेय आहे’ असं छान वाक्य होतं. मुलीचं नाव ठेवून झालं होतं, पण तिच्या आईची रजा अजून प्रस्तावित होती.

4 मेला मॅडम हजर झाल्या. रुजू अहवालावर मध्यान्हपूर्वची वेळ टाकली, सेवापुस्तकात नोंद घेतली. बाळाला पाजायच्या सोयीसाठी कार्यालयात हिरकणी कक्ष आहे, तो उघडून पाहिला, तर तिथे 2011 पासूनच्या गठ्ठ्यांना विश्रांती मिळत होती. काकूंनी दोन शिपाई लावून संध्याकाळपर्यंत खोली मोकळी केली. त्यासाठी कुणी अर्ज केला नाही, म्हणून ते काम झालं.

शुक्रवारी सकाळी मॅडमची पहिली नैमित्तिक रजा आली, फोनवरून. मुलीला ताप. मी अर्जाचा कागद काढून ठेवला, भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि विचारलं, ‘‘किती दिवसांची?’’

‘‘तिने अजून सांगितलेलं नाही,’’ मी म्हणालो.